धुलाईपासून सुरुवात: वॉर्डातील परिचारिकांच्या गणवेशाची आखणी

रुग्णालयाचा गणवेश ठरवायला बसले की आधी रंगांचे नमुने टेबलावर येतात, मग गळ्याचा आकार ठरतो, बोधचिन्ह डावीकडे की उजवीकडे यावर चर्चा रंगते, आणि हे कपडे कोणत्या यंत्रात, किती तापमानाला आणि कोणत्या रसायनात धुतले जाणार हा प्रश्न कापडाची ऑर्डर गेल्यानंतर कुणाला तरी आठवतो. हा क्रम उलटा हवा. वॉर्डातील गणवेश पाळी संपली की प्रत्येक वेळी गरम पाण्यात जातो, त्यामुळे कापड, दोरा, बटण, नेफा आणि मापे या सगळ्यांवर धुलाईच्या अटी आधी लागू होतात आणि आवडीनिवडीला जागा त्या अटींच्या आत मिळते. या लेखात एकच गणवेश डोळ्यांसमोर ठेवला आहे: सर्वसाधारण वॉर्डातील परिचारिका आणि परिचर यांचा अर्ध्या बाह्यांचा ट्युनिक आणि पँट. शस्त्रक्रियागृहातील कपडे आणि संरक्षक गाऊन यांचे नियम वेगळे असतात. स्वयंपाकघराचा गणवेश तर सरळ या आराखड्यावरून बेतू नये, कारण तिथे आगीशी थेट संबंध येतो आणि पॉलिएस्टर ज्योतीजवळ वितळून त्वचेला चिकटू शकते.

पहिली पायरी: लाँड्रीकडून लेखी माहिती घेणे

गणवेश रुग्णालयाच्या स्वतःच्या लाँड्रीत धुतला जात असेल किंवा बाहेर जात असेल, तरी तिथल्या प्रमुखाकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: धुण्याचे तापमान आणि त्या तापमानाला कपडे किती मिनिटे राहतात, कोणते विरंजक म्हणजे ब्लीच वापरले जाते, कपडे ड्रायरमध्ये वाळवतात की गरम हवेच्या बोगद्यातून हँगरवर टांगून नेतात, आणि शेवटी इस्त्री किंवा प्रेस होते का.

तापमानाचे आकडे देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शनानुसार ७१ अंश सेल्सिअसला किमान ३ मिनिटे किंवा ६५ अंशांना किमान १० मिनिटे कपडे राहिले पाहिजेत, आणि यंत्रातल्या सगळ्या कपड्यांपर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ यात वेगळा मिळवावा लागतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या मार्गदर्शनात ७१ अंश आणि २५ मिनिटे असा उल्लेख आहे. आखणी करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच निघतो: कापडाला ७० अंशांच्या आसपास, अल्कलीयुक्त पाण्यात, वर्षाला पन्नास किंवा त्याहून अधिक वेळा राहायचे आहे. तेव्हा घरगुती धुलाईच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले कापड इथे टिकेल असे गृहीत धरता येत नाही. पुरवठादाराने दाखवलेला चाचणी अहवाल आयएसओ ६३३० प्रमाणे केलेला असेल तर ती घरगुती धुलाईची चाचणी आहे. कामाच्या कपड्यांच्या औद्योगिक धुलाईसाठी आयएसओ १५७९७ ही वेगळी पद्धत आहे, आणि अहवाल तिच्यानुसारच मागावा.

ब्लीचबद्दलचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि नंतर तोच सर्वांत जास्त त्रास देतो. त्वचा निर्जंतुक करण्यासाठी वॉर्डात क्लोरहेक्सिडीन सर्रास वापरतात. त्याचे थेंब ट्युनिकच्या पुढच्या भागावर उडतात, वाळल्यावर दिसतही नाहीत आणि साध्या धुण्यात पूर्ण निघत नाहीत. असा कपडा क्लोरीनच्या ब्लीचमध्ये गेला की तिथे तपकिरी डाग उमटतात आणि ते कायमचे बसतात. मग लाँड्री कापडाला दोष देते, कापडवाला रंगाऱ्याला, आणि परिचारिकेवर निष्काळजीपणाचा ठपका येतो. डाग पोटाच्या आणि मांडीच्या भागावर, ठिपक्यांच्या रूपात आणि फक्त धुतल्यानंतरच दिसत असतील तर कारण बहुधा हेच समजावे. ज्या रुग्णालयात क्लोरहेक्सिडीन वापरले जाते तिथे गणवेशासाठी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित ब्लीच ठरवून घ्यावे, आणि ते शक्य नसेल तर ब्लीचशिवायच्या गरम धुलाईचा स्वतंत्र कार्यक्रम मागावा. हा निर्णय आधी झाला तर रंगाची निवडही बदलते, कारण क्लोरीन सहन करणारे रंग मोजके असतात.

दुसरी पायरी: कापड

वॉर्डासाठी ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती असे मिश्रण, ट्विल विणीत, ट्युनिकसाठी चौरस मीटरला साधारण १९० ते २०० ग्रॅम आणि पँटसाठी २१० ते २२० ग्रॅम, ही सुरुवात करायला सुरक्षित जागा आहे. शंभर टक्के सुती कापड अंगाला बरे वाटते हे खरे. पण ते गरम धुलाईत जास्त आटते, पाणी जास्त धरत असल्यामुळे वाळायला वेळ आणि इंधन दोन्ही जास्त घेते, आणि प्रेसशिवाय नीट दिसत नाही. उलट पूर्ण पॉलिएस्टर लवकर वाळते, पण बारा तासांच्या पाळीत घाम शोषत नाही. मिश्रणातील सुताचा भाग अंगासाठी आहे आणि पॉलिएस्टरचा भाग लाँड्रीसाठी, असे समजायला हरकत नाही.

या मिश्रणाच्या दोन खोडी माहीत असाव्यात. पहिली म्हणजे वारंवार धुण्यात सुती तंतू आधी झिजतात आणि गळतात. ड्रायरच्या जाळीत साठणाऱ्या लिंटमध्ये त्यांचा मोठा वाटा असतो. कापड फाटत नाही, पण हळूहळू पातळ, चकचकीत आणि कमी शोषक होत जाते. दुसरी खोड सुरकुत्यांची. साधारण ७० ते ८० अंशांच्या वर पॉलिएस्टर मऊ पडते आणि त्या अवस्थेत पडलेली घडी थंड होताच पक्की बसते. गरम कपड्यांवर एकदम थंड पाणी सोडले किंवा गरम असतानाच जोरात पिळले तर ज्या सुरकुत्या येतात त्या साध्या इस्त्रीला दाद देत नाहीत. पाणी हळूहळू ५० अंशांच्या खाली आणून मग पिळण्याची सूचना गणवेशाच्या तपशीलपत्रकातच लिहावी. नवे कापड चुरगळलेले येते अशी तक्रार आली तर कापड बदलण्याआधी धुलाईतला हा टप्पा तपासावा.

लवचिकतेसाठी स्पॅन्डेक्स घातलेले कापड सध्या सर्वत्र मागितले जाते. दुकानात घालून पाहिले की त्याचा मोह पडतोच. परंतु स्पॅन्डेक्स क्लोरीनमुळे तुटते आणि वारंवारच्या उष्णतेने मरगळते, त्यामुळे काही महिन्यांत गुडघे आणि बसण्याची जागा फुगलेली दिसू लागते. ताण हवाच असेल तर ज्यात लवचिकता पॉलिएस्टरच्याच दोन घटकांच्या वळणदार धाग्यातून येते असे कापड घ्यावे. ते कमी ताणते, पण धुलाईत टिकते. माझे मत असे की हालचालीचा प्रश्न आधी बेतण्यातून सोडवावा आणि कापडाच्या ताणाला फक्त मदतीला घ्यावे.

जंतुविरोधी प्रक्रिया केलेल्या कापडाबद्दलही इथेच बोलून घेतो. प्रयोगशाळेत अशा कापडावरील जंतूंची संख्या घटते, परंतु अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातील परिचारिकांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या कापडाच्या तुलनेत अशा गणवेशांवरचा जंतुसंसर्ग कमी आढळला नाही. तो पैसा माणशी एक जोड जास्त देण्यात घालावा.

तिसरी पायरी: कापड धुऊन मोजणे

कापडाचा नमुना आल्यावर बेतण्याआधी त्याचे आटणे मोजावे. ६० सेंटीमीटर लांबी-रुंदीचा तुकडा कापून त्याच्या मध्यभागी ५० सेंटीमीटरचा चौकोन पक्क्या दोऱ्याने टाचून घ्यावा, कारण पेनाच्या खुणा धुण्यात पुसट होतात. कडा ओव्हरलॉक कराव्यात आणि ताण्याच्या म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेला बाण शिवून ठेवावा. हा तुकडा ज्या यंत्रात पुढे गणवेश जाणार आहेत त्याच यंत्रात, इतर कपड्यांच्या पूर्ण भारासोबत, पाच वेळा धुवावा आणि वाळवावा. एका धुण्यावर निष्कर्ष काढू नये, कारण विणताना आणि फिनिशिंगमध्ये कापडावर पडलेला ताण पहिल्या धुण्यात सगळा सुटत नाही.

समजा, पाच धुण्यांनंतर ताण्याच्या दिशेने ५० चे ४९.१ सेंटीमीटर झाले आणि बाण्याच्या म्हणजे आडव्या धाग्यांच्या दिशेने ४९.६. म्हणजे लांबीत १.८ टक्के आणि रुंदीत ०.८ टक्के आटणे. दोन टक्क्यांपर्यंतचे आटणे या मिश्रणात स्वीकारण्यासारखे आहे, पण ते कागदी पॅटर्नमध्ये भरून काढले पाहिजे. तयार ट्युनिकची उंची धुतल्यानंतर ७४ सेंटीमीटर हवी असेल तर ७४ ला ०.९८२ ने भागावे, उत्तर ७५.४ येते. छातीचा तयार घेर ११२ हवा असेल तर ११२ ला ०.९९२ ने भागून ११२.९ मिळतात. ७४ मध्ये १.८ टक्के नुसते मिळवले तरी लहान मापात फरक जाणवत नाही, पण आटणे जास्त असले आणि माप मोठे असले की चूक वाढते, म्हणून भागण्याची सवय चांगली.

हे न करता शिवलेल्या गणवेशात काय होते ते पँटवर आधी दिसते. १०४ सेंटीमीटर उंचीची पँट ४ टक्के आटणाऱ्या कापडाची असेल तर ती ९९.८ वर येते आणि घोट्याच्या वर लोंबते, तर ट्युनिकच्या उंचीतला तेवढाच टक्का कुणाच्या लक्षातही येत नाही. याहून अवघड प्रकार म्हणजे एकाच कपड्यातले वेगवेगळे भाग वेगवेगळे आटणे. गळ्याची पट्टी, आतली कॅनव्हास, इलॅस्टिक, पायपिनची फीत यांचे आटणे मुख्य कापडाशी जुळले नाही तर शिवणीवर लाटा येतात. म्हणून या वस्तूही त्याच तुकड्यासोबत धुऊन पाहाव्यात. गरम इस्त्रीने चिकटणारी कॅनव्हास शक्यतो टाळावीच. वारंवारच्या गरम धुलाईत तिचा डिंक सुटतो आणि कापडावर फोड आल्यासारखे फुगे दिसतात. त्याजागी त्याच कापडाचा दुसरा थर शिवावा.

चौथी पायरी: मुंढा आणि पाठ

परिचारिकेचे दोन्ही हात दिवसभर पुढे आणि वर जात असतात: सलाइनची बाटली टांगणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, पलंगाच्या पलीकडची चादर ओढणे. ट्युनिक इथेच अडतो आणि इथेच फाटतो. अशा वेळी सैल कपडा हवा म्हणून मुंढा, म्हणजे बाही धडाला जिथे जोडतात तो घेर, खोल करायची पद्धत रूढ आहे, आणि ती नेमकी चुकीची आहे. मुंढा जितका खोल, तितकी बाही धडाला खाली जोडलेली. हात वर केला की ती बाही सगळे धड सोबत वर ओढते आणि कमर उघडी पडते. मुंढा काखेच्या खाली केवळ २ ते २.५ सेंटीमीटर ठेवला आणि बाहीच्या माथ्याची उंची कमी करून बाही काखेत रुंद ठेवली, तर हात वर जातो आणि ट्युनिक जागेवर राहतो. हात खाली असताना काखेजवळ थोड्या चुण्या पडतात. त्या पडू द्याव्यात. सूट बेतण्यात मुरलेल्या मास्तरांना त्या चुण्या सहन होत नाहीत आणि ते बाहीचा माथा पुन्हा उंच करून टाकतात, तेव्हा नमुना मंजूर करताना हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

पाठीचे माप दोनदा घ्यावे. हात सैल सोडून एका काखेच्या मागच्या घडीपासून दुसऱ्या घडीपर्यंत एकदा, आणि दोन्ही हात पुढे ताणून एकमेकांवर आडवे ठेवून दुसऱ्यांदा. एखाद्या व्यक्तीचे पहिले माप ३७ आणि दुसरे ४३ आले, तर पाठीला ६ सेंटीमीटरची वाढ लागते. त्यातले ३ सेंटीमीटर साध्या सैलपणातून देता येतात आणि राहिलेले ३ काखेत कळी घालून किंवा पाठीवर दोन चुण्या ठेवून द्यावे लागतात. चुण्या दिसायला सोप्या, पण धुतल्यावर त्या स्वतः जागेवर बसत नाहीत, गरम हवेच्या बोगद्यात उघड्याच राहतात आणि तिथे कापडाचे जास्त थर असल्याने उशिरा वाळतात. म्हणून प्रेस न होणाऱ्या गणवेशात मी काखेतील कळी निवडेन. चौकटाच्या आकाराची, साधारण १० सेंटीमीटर बाजूची कळी पुरेशी होते आणि तिच्या शिवणी काखेच्या खड्ड्यात एकाच बिंदूवर मिळत नसल्यामुळे तो बिंदू फाटण्याचे प्रमाणही घटते.

या भागातील बिघाड ओळखायचा कसा, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मुंढ्याच्या मागच्या बाजूला, काखेपासून चार-पाच बोटे वर, टीप शाबूत आणि तिच्या शेजारचे कापड फाटलेले दिसते. टीप तुटली असती तर दोष दोऱ्याचा किंवा शिलाईचा. कापड टिपेशेजारी सुटले म्हणजे पाठीला रुंदी कमी पडली. पुष्कळ ठिकाणी अशी फाट दिसली की पुढच्या वेळी जाड कापड मागवले जाते आणि फाटणे वाढते, कारण जाड कापड कमी वाकते आणि सगळा ताण त्याच रेषेवर देते.

नमुना अंगावर घालून हे तपासायला उपकरण लागत नाही. ट्युनिकच्या खालच्या कडेच्या पातळीवर पँटवर खडूची खूण करावी आणि दोन्ही हात पूर्ण वर करायला सांगावे. कड ५ ते ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त वर गेली तर मुंढा पुन्हा बेतावा. नंतर उकिडवे बसून, मग पलंगावर वाकून मागून पाहावे. पाठ उघडी पडत असेल तर मागची उंची पुढच्यापेक्षा ३ सेंटीमीटर वाढवावी. ही तपासणी मधल्या मापाच्या एकाच व्यक्तीवर करून थांबू नये. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापाच्या व्यक्तींवर, स्त्री आणि पुरुष दोघांवरही, ती झाली पाहिजे, कारण पॅटर्न लहान-मोठा करताना मुंढ्याचे प्रमाण बिघडणे नेहमीचे आहे.

पाचवी पायरी: पुढची बाजू, बाह्या आणि खिसे

ट्युनिक डोक्यावरून घालायचा की पुढून उघडायचा, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे. पाळी संपल्यावर दूषित झालेला पुढचा भाग चेहऱ्यावरून ओढून काढावा लागू नये, यासाठी पुढून उघडणारा ट्युनिक चांगला. अंगावर काही सांडले तर तो क्षणात काढता येतो, हा आणखी फायदा. त्यासाठी टिचबटणे सोयीची, पण त्यांच्याखाली कापडाचे किमान दोन थर आणि विणलेली पट्टी असावी. एकेरी कापडात लावलेले टिचबटण कापडाचा गोल तुकडा घेऊन निघते. बटणाचा धातू गंजणारा नसावा, आणि कातडीला लागणाऱ्या बाजूला निकेल नसेल तर उत्तम. काजाची बटणे वापरायची असतील तर प्रेसच्या दाबाने फुटणारी पातळ प्लॅस्टिकची बटणे टाळावीत. चेन नकोच, ती धुताना इतर कपडे ओरबाडते आणि तिच्या दातांत मळ बसतो.

बाह्या कोपराच्या वर संपाव्यात, म्हणजे हात धुताना मनगट आणि पुढचा हात मोकळा राहतो. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘कोपराखाली काही नको’ हा दंडक रूढ झाला तो याच कारणाने. बाहीला उलटी घडी घातलेला कफ ठेवू नये. त्या घडीत लिंट आणि धूळ साठते आणि धुताना ती आतच फिरते.

खिशांचा मोह आवरावा. छातीचा खिसा नको, कारण रुग्णावर वाकताना त्यातले पेन आणि कात्री निसटते. खालचे दोन खिसे पुरतात, आणि त्यांचे खालचे कोपरे तिरपे कापले तर चौकोनी कोपऱ्यात साठणारा लिंट, कापसाचे बोळे आणि ओलावा राहत नाही. खिशाच्या तोंडाच्या दोन्ही टोकांना बारटॅक म्हणजे दाट टाक्यांची आखूड पक्की टीप द्यावी, पण त्यामागे कापडाचा छोटा तुकडा असलाच पाहिजे. नुसता बारटॅक एकेरी कापडाला भोके पाडतो आणि तिथूनच फाट सुरू होते. शिंतोडे उडणाऱ्या कामात वरून प्लॅस्टिकचा एप्रन घातला जातोच, तेव्हा पुढचा भाग सपाट ठेवावा आणि गणवेशाकडून द्रव अडवण्याची अपेक्षा करू नये. पाणी परतवणारी प्रक्रिया या धुलाईत फार काळ टिकत नाही आणि घामाला मात्र अडवते.

सहावी पायरी: पँट

पँटमध्ये दोनच जागा लक्ष देण्यासारख्या आहेत, आसन आणि नेफा. उकिडवे बसताना मागची लांबी वाढते, म्हणून मागचे आसन पुढच्यापेक्षा ३ ते ४ सेंटीमीटर उंच बेतावे आणि दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथे छोटी कळी घालावी. अशी कळी असलेली पँट आसनात क्वचित उसवते.

नेफ्यात पूर्ण इलॅस्टिक घातले तर ते कपड्याच्या आधी मरते, आणि पूर्ण नाडी घातली तर ती यंत्रात बाहेर निघून इतर कपड्यांभोवती गुंडाळते. मध्यम मार्ग असा: मागच्या अर्ध्या भागात ३ सेंटीमीटर रुंदीचे इलॅस्टिक, पुढे नाडी, आणि नाडी मागच्या मध्यावर एका टिपेने अडकवलेली. नेफ्याच्या आतल्या बाजूला ४ सेंटीमीटरची फट न शिवता ठेवावी, म्हणजे कपडा न उसवता इलॅस्टिक बदलता येते. इलॅस्टिक धुऊन झाल्यावर त्याच्या मूळ लांबीच्या दीडपट ताणून सोडावे. ते परत येताना लांबच राहिले किंवा लाटेसारखे वाकले, तर बदलायची वेळ झाली.

सातवी पायरी: शिवणी आणि दोरा

दोरा सुती नको. सुती दोरा कापडापेक्षा जास्त आटतो आणि शिवण सगळीकडे आकसते. पॉलिएस्टरचा गाभा असलेला दोरा घ्यावा आणि त्याचा रंगही गरम धुलाईला पक्का असल्याचे पाहावे, नाहीतर फिक्या कापडावर रेषा उमटतात. सेंटीमीटरला ४ ते ५ टाके योग्य. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती ही समजूत खोटी आहे; फार दाट टाक्यांनी कापडाला भोकांची ओळ पडते आणि ते कागदासारखे त्या रेषेवर फाटते.

खांदा, मुंढा आणि आसन या ताणाच्या शिवणींवर कडा आत घेऊन दुहेरी टीप मारावी. सगळ्याच शिवणी तशा केल्या तर मात्र थर वाढतात, आणि कापड कोरडे झाले तरी शिवणी ओल्या राहतात, मग लाँड्री जास्त वेळ वाळवते आणि उरलेले कापड विनाकारण भाजते. बाजूच्या शिवणीला पाच दोऱ्यांची ओव्हरलॉक शिवण पुरेशी आहे. कपड्यात कुठेही चारपेक्षा जास्त थर एकत्र येत नाहीत ना, हे नमुन्यावर बोटांनी चाचपून पाहावे. नाव आणि मापाचे लेबल शिवून लावावे. उष्णतेने चिकटवलेले लेबल लाँड्रीच्या उष्णतेनेच निघू शकते.

आठवी पायरी: चाचणीची तुकडी आणि जोडांची संख्या

पूर्ण ऑर्डरआधी एक छोटी तुकडी शिवून घ्यावी आणि तिचे दोन भाग करावेत. एक भाग परिचारिकांनी नेहमीच्या पाळीत वापरून धुलाईला द्यावा आणि दुसरा भाग कुणीही न घालता त्याच भारात नुसता धूत राहावे. प्रत्येक धुण्याला आतल्या लेबलवर एक खूण करावी आणि १०, २५ आणि ५० धुण्यांवर दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहावेत. न घातलेले कपडेही फिके पडले, आटले किंवा त्यांच्या शिवणी आकसल्या असतील तर दोष कापडाचा किंवा लाँड्रीचा. फक्त घातलेल्या कपड्यांवर मांडीपाशी गोळे आले असतील तर ते पलंगाच्या कठड्याशी होणाऱ्या घर्षणाने आले आहेत आणि त्यावर उपाय कापडाच्या विणीत शोधावा. रंग किती उतरला हे ठरवायला राखाडी छटांची मापपट्टी वापरावी, तिच्यावर पाच म्हणजे काहीच बदल नाही. पाचपैकी चारच्या खाली उतरलेला रंग ५० धुण्यांवर नाकारावा. ट्युनिक आणि पँट एकाच वेळी आणि एकाच भारात धुवायची सवय लावावी, नाहीतर दोन्हींच्या छटा वेगळ्या होतात आणि चांगला जोड केवळ दिसण्यामुळे बाद करावा लागतो.

माणशी किती जोड द्यायचे हे याच आकड्यांतून ठरते. आठवड्याला ५ पाळ्या आणि वर्षाला ४८ आठवडे काम धरले तर २४० वेळा गणवेश धुतला जाईल. तीन जोड दिले तर प्रत्येक जोड वर्षाला ८० वेळा धुतला जातो, पाच दिले तर ४८ वेळा. चाचणीत कपडा १०० धुणी नीट टिकला असेल, तर तीन जोड सव्वा वर्षात एकदम बाद होतील आणि पाच जोड साधारण दोन वर्षे चालतील. एकूण कपडे जवळपास तेवढेच खपतात, त्यामुळे पाच जोड म्हणजे उधळपट्टी नव्हे. शिवाय लाँड्रीला एखादा दिवस उशीर झाला तरी कुणालाही कालचा गणवेश पुन्हा घालावा लागत नाही, आणि तीन जोडांत ती वेळ हमखास येते.

बाद करण्याची कसोटी ऑर्डरच्या कागदातच लिहून ठेवावी. पँटचे बसण्याचे कापड खिडकीसमोर धरले असता पलीकडची बोटे दिसली, खिशाच्या तोंडाच्या घडीवर सुती तंतू जाऊन पांढरट जाळी उरली, किंवा टिचबटण एका हाताच्या हलक्या ओढीने आपोआप सुटू लागले, तर तो कपडा वापरातून काढावा आणि काढताना लेबलवरील धुण्यांच्या खुणा मोजून नोंदवहीत लिहाव्यात. पुढच्या ऑर्डरच्या वेळी पुरवठादारासमोर ठेवायला हाच आकडा उपयोगी पडतो.